मोठ्या रकमेचा चेक दिलात? बँकेला आधी कळवा: पॉझिटिव्ह पे पायरीपायरीने

मी बँकेच्या क्लिअरिंग विभागात, म्हणजे दुसऱ्या बँकांतून आलेले चेक तपासून पास करणाऱ्या विभागात, होतो तेव्हाची गोष्ट. दुपारी साडेबाराच्या सुमाराला एका खातेदाराला फोन लावला. "तुमच्या खात्यावर ९,८०,००० रुपयांचा चेक आलाय. तुम्हीच दिलाय ना?" पलीकडे क्षणभर शांतता. मग कपाट उघडल्याचा आवाज, कागदांची सळसळ. "अहो, तुम्ही सांगताय त्या नंबरचा चेक माझ्या चेकबुकातच आहे. कोरा आहे तो!"

माझ्यासमोर स्क्रीनवर त्याच नंबरचा चेक दिसत होता. सही जुळत होती, तारीख बरोबर होती, अंकी आणि अक्षरी रक्कम एकच होती. खात्यात पैसेही होते. कुणीतरी त्या चेकची हुबेहूब नक्कल छापली होती. तो फोन लागला नसता, तर माझ्या हातून तो चेक पास झाला असता.

आता बँका मोठ्या चेकचे तपशील आधीच कळवायला सांगतात, यालाच पॉझिटिव्ह पे म्हणतात, आणि कधी कधी त्यानंतरही फोन करून खात्री करून घेतात. अनेकांना हा नसता त्रास वाटतो. आमच्या सोसायटीत नव्याने निवडून आलेल्या खजिनदारांनाही तसंच वाटलं होतं. त्यांच्यासाठी जे समजावून सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहितो आहे.

## बँकेसमोर चेक नसतो, त्याची प्रतिमा असते

तुम्ही चेक देता, घेणारा तो आपल्या बँकेत भरतो. पूर्वी तो कागद तिथून प्रवास करत तुमच्या बँकेत यायचा. आता येत नाही. चेक ट्रंकेशन सिस्टीम, म्हणजे सीटीएस, या व्यवस्थेत घेणाऱ्याची बँक चेक स्कॅन करते, कागद स्वतःकडे ठेवते आणि फक्त प्रतिमा व खालच्या पट्टीतले आकडे पुढे पाठवते. पुढची बाजू करड्या छटांमध्ये आणि काळ्यापांढऱ्यात, मागची बाजू काळ्यापांढऱ्यात, अशा तीन प्रतिमा जातात.

गोम इथेच आहे. चेकच्या कागदात सुरक्षेच्या काही खुणा असतात. उजेडासमोर धरला की दिसणारा 'CTS INDIA' हा जलचिन्हाचा मजकूर असतो, अतिनील दिव्याखालीच चमकणारं बँकेचं बोधचिन्ह असतं. रसायनाने शाई धुऊन नाव बदललं असेल तर कागद हाताला थोडा खरखरीत लागतो. यातलं काहीही त्या करड्या प्रतिमेत उतरत नाही. तुमची सही ज्या बँकेकडे आहे तिच्या हातात कागद नसतो, आणि कागद ज्या बँकेच्या हातात आहे तिला तुमची सही माहीत नसते.

घेणाऱ्याच्या बँकेने कागद तपासून घ्यायचा असतो, हे खरं. २००२ च्या दुरुस्तीने निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंही गेलं. पण चेकवर मुळात काय लिहिलं होतं हे त्या काउंटरवरच्या माणसाला कळणार कसं? ते एकट्या तुम्हाला ठाऊक असतं. पॉझिटिव्ह पेमध्ये तुम्ही तेवढंच करता: चेक बँकेत पोहोचण्याआधी त्यावरचा मजकूर आपल्या बँकेला वेगळ्या वाटेने सांगून ठेवता. चेक आला की यंत्रणा दोन्ही ताडून पाहते. जुळलं नाही तर तशी खूण दोन्ही बँकांना दिसते.

बँक एवढी सावध असते त्यामागे कायद्याचं कारणही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या खटल्यात सांगितलं, की चेकवरची सही खातेदाराची नसेल तर तो बँकेला दिलेला आदेशच ठरत नाही, आणि बँकेला त्याचे पैसे खात्यातून वजा करता येत नाहीत. म्हणजे बनावट सहीचा चेक पास झाला, तर नुकसान बँकेच्या अंगावर येऊ शकतं.

## कोणत्या चेकला हे लागू होतं

रिझर्व्ह बँकेने २५ सप्टेंबर २०२० रोजी परिपत्रक काढलं आणि १ जानेवारी २०२१ पासून ही सोय सुरू झाली. ५०,००० रुपये आणि त्यापुढच्या चेकसाठी ही सोय प्रत्येक बँकेने सर्व खातेदारांना द्यायची, पण वापरायची की नाही हे खातेदाराने ठरवायचं. ५,००,००० आणि त्यावरच्या रकमेसाठी मात्र बँक ती सक्तीची करू शकते. बऱ्याच बँकांनी केली आहे.

म्हणून पहिलं काम हे: आपल्या बँकेत सक्ती कोणत्या रकमेपासून आहे, हे शाखेत विचारून घ्या. त्याचबरोबर आणखी एक प्रश्न विचारा. ही अट फक्त क्लिअरिंगमधून येणाऱ्या चेकना आहे, की त्याच बँकेच्या दुसऱ्या खात्यात भरलेल्या किंवा काउंटरवर रोख काढण्यासाठी दिलेल्या चेकनाही? सीटीएसबाहेरच्या चेकसाठी तशी व्यवस्था करायची मोकळीक रिझर्व्ह बँकेने दिली आहे, त्यामुळे बँकेगणिक उत्तर वेगळं येईल.

५०,००० ते ५,००,००० या मधल्या पट्ट्यातल्या लोकांना मला विशेष सांगायचं आहे. सक्ती नाही म्हणून सोडून देऊ नका. त्या परिपत्रकात एक वाक्य आहे, जे सहसा कुणी वाचत नाही: सीटीएसमधल्या वादनिवारण यंत्रणेत फक्त या सूचनांचं पालन केलेले चेकच स्वीकारले जातील. उद्या तुमच्या ३,००,००० च्या चेकवर काही गडबड झाली आणि दोन बँकांमध्ये वाद उभा राहिला, तर तुम्ही आधी भरून ठेवलेला तपशील फार मोलाचा ठरतो. दोन मिनिटांचं काम आहे, करून टाका.

## पायरी पहिली: चेक पूर्ण लिहा, मगच तपशील भरा

अनेकजण आधी ॲपमध्ये माहिती भरतात आणि मग निवांत चेक लिहायला बसतात. उलट करा. चेक पूर्ण लिहून, सही करून समोर ठेवा आणि त्यावरून बघून माहिती भरा. बिलावरून नको, करारनाम्यावरून नको आणि आठवणीवरून तर नकोच.

लिहिताना खाडाखोड झाली तर तो चेक रद्द करून नवा घ्या. पूर्वी चुकीशेजारी सही केली की भागायचं. सीटीएसमध्ये नावातली किंवा रकमेतली दुरुस्ती चालत नाही, सही केली तरी नाही. मुदत वाढवण्यासाठी तारखेत केलेला बदल एवढाच काय तो अपवाद.

घेणाऱ्याचं नाव त्याच्या बँक खात्यावर जसं आहे तसंच लिहा. त्याच्याकडून रद्द केलेला चेक किंवा पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो मागून घेतलात की प्रश्न मिटतो.

## पायरी दुसरी: तपशील बँकेला कळवा

वाटा अनेक आहेत. बँकेचं ॲप, नेट बँकिंग, एसएमएस, एटीएम आणि शाखेत जाऊन लेखी अर्ज. ॲपमध्ये बहुतेक ठिकाणी चेकच्या सेवा जिथे असतात तिथेच `Positive Pay` किंवा `PPS` असा पर्याय दिसतो. सापडला नाही तर ॲपच्या शोधचौकटीत हेच शब्द टाकून पाहा. एसएमएसचा मजकूर कसा लिहायचा हे प्रत्येक बँकेचं वेगळं असतं, दुसऱ्या बँकेचा नमुना वापरू नका. तुमचं खातं लहान सहकारी बँकेत असेल आणि ॲपमध्ये काही सापडत नसेल, तर सरळ शाखेत जा. ती लेखी वाट अजिबात कमी दर्जाची नाही. फक्त अर्जाच्या प्रतीवर तारीख, वेळ आणि शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

विचारतात ते एवढंच: खाते क्रमांक, चेक क्रमांक, चेकची तारीख, रक्कम आणि घेणाऱ्याचं नाव. काही बँका चेकचा फोटोही मागतात.

चेक क्रमांक म्हणजे खालच्या पांढऱ्या पट्टीवर सर्वांत डावीकडे असलेले सहा आकडे. सुरुवातीला शून्यं असली तरी ती क्रमांकाचा भाग आहेत. त्यापुढचे नऊ आकडे शहर, बँक आणि शाखा दाखवतात. घाईत नऊ आकड्यांतले काही उचलून चेक क्रमांकाच्या जागी टाकलेले मी पाहिले आहेत.

तारीख म्हणजे चेकवर लिहिलेली तारीख, तुम्ही माहिती भरताय ती नव्हे. ॲपमध्ये तारखेच्या चौकटीत बहुधा आजची तारीख आधीच भरलेली असते आणि ती तशीच पुढे जाते. पुढची तारीख टाकून चेक दिला असेल तर ही चूक हमखास होते.

सगळं भरलं की शेवटचं बटण दाबण्यापूर्वी एकदा थांबा. चेक हातात घेऊन स्क्रीनवरची एकेक ओळ मोठ्याने वाचा, घरात दुसरं कुणी असेल तर त्याला चेककडे बघायला सांगा. एवढं सांगण्याचं कारण असं, की बऱ्याच बँकांत एकदा पाठवलेली नोंद बदलता किंवा पुसता येत नाही. चुकली तर तो चेक थांबवून नवा देण्यावाचून मार्ग उरत नाही. नोंद झाल्यावर येणारा संदर्भ क्रमांक चेकबुकातल्या नोंदीच्या पानावर त्या चेकसमोर लिहून ठेवा.

## पायरी तिसरी: नोंद झाल्यावरच चेक हातातून सोडा

'चेक तर देऊन टाकू, रात्री घरी जाऊन भरू' असं पूर्वी चालून जायचं. तेव्हा चेक गठ्ठ्याने जायचे आणि निकाल लागायला दुसरा दिवस उजाडायचा. ४ ऑक्टोबर २०२५ पासून सीटीएस सलग चालू लागली. काउंटरवर चेक आला की स्कॅन होऊन लगेच पुढे जातो, आणि तुमच्या बँकेला त्याच दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत होकार किंवा नकार कळवावा लागतो. सकाळी भरलेल्या चेकची प्रतिमा तुम्ही जेवायला बसेपर्यंत तुमच्या बँकेत पोहोचलेली असू शकते.

या नव्या पद्धतीतला एक नियम समजून घेतला, की बँकेचं वागणं बरंचसं उलगडतं. ७ वाजेपर्यंत बँकेने काहीच कळवलं नाही, तर तो चेक मंजूर झाला असं धरलं जातं. बँक गप्प राहिली तर तो होकार ठरतो. मग ज्या चेकबद्दल शंका आहे आणि खातेदार फोन उचलत नाही, त्याचं बँक काय करणार? 'उद्या बघू' म्हणून तो बाजूला ठेवायची सोय आता नाही. ती चेक परत पाठवते. बँकेतल्या माणसाला आडमुठेपणा करायचा नसतो. घड्याळ पुढे सरकत असतं आणि त्याच्याकडे दुसरा उपाय नसतो.

तेव्हा निदान एक पूर्ण कामकाजाचा दिवस आधी नोंद करा. काही बँका तसं स्पष्ट सांगतातही.

## आमच्या सोसायटीतला घोळ

गेल्या फेब्रुवारीतली ही हकीकत. आमच्या सोसायटीच्या इमारतीला बाहेरून रंग लावण्याचं काम चालू होतं. ठेकेदाराच्या भागीदारी फर्मने दुसऱ्या हप्त्याचं ७,००,००० रुपयांचं बिल दिलं. त्यावर २ टक्के करकपात, म्हणजे १४,००० रुपये. राहिले ६,८६,०००. खजिनदारांनी त्याच रकमेचा चेक लिहिला, अध्यक्षांनी आणि खजिनदारांनी सह्या केल्या, आणि मंगळवारी १० तारखेला संध्याकाळी तो ठेकेदाराच्या माणसाच्या हातात दिला. चेक क्रमांक ०००४१७.

पॉझिटिव्ह पेचा अर्ज सचिवांनी त्याच दिवशी दुपारी शाखेत दिला होता. तेव्हा चेक लिहून झालेला नव्हता, म्हणून त्यांनी माहिती फाईलमधून घेतली. फाईलमध्ये बिल होतं. अर्जात रक्कम पडली ७,००,०००.

नावातही फरक झाला. चेकवर फर्मचं पूर्ण नाव होतं, शेवटी 'अँड कंपनी' सकट. अर्जात सचिवांनी ज्यांच्याशी रोज बोलणं व्हायचं त्या भागीदाराचं नाव लिहिलं.

बुधवारी सकाळी ठेकेदाराने चेक भरला. दुपारी एकच्या आत सोसायटीच्या बँकेत प्रतिमा आली आणि ताळा बसला नाही. बँकेने सोसायटीच्या नोंदवलेल्या मोबाइलवर फोन केला. दोनदा केला. तो नंबर आधीच्या समितीतल्या खजिनदारांचा होता. ते कोकणात गावी गेले होते आणि घराच्या मागच्या दारी त्यांना रेंज नव्हती. संध्याकाळी चेक परत गेला.

गुरुवारी सकाळी ठेकेदार रिटर्न मेमो, म्हणजे चेक परत का आला ते सांगणारी बँकेची चिठ्ठी, घेऊन सोसायटीच्या कार्यालयात. मजुरांचे पैसे अडकलेले, त्यामुळे आवाज चढलेला. 'सोसायटीचा चेक बाऊन्स झाला' ही बातमी तासाभरात चौथ्या मजल्यापर्यंत पोहोचली होती. मी पोहोचलो तेव्हा पहिली गोष्ट केली ती म्हणजे मेमोवरचं कारण वाचलं. खात्यात ११ लाखांहून जास्त रक्कम होती. चेक पैसे नसल्यामुळे परत आलेला नव्हता, कळवलेला तपशील जुळत नसल्यामुळे आला होता. ठेकेदाराला मेमोवरची ती ओळ दाखवली, तेव्हा कुठे तो खाली बसला.

त्याचं म्हणणं होतं, तोच चेक पुन्हा भरतो. एरवी ते बरोबर ठरलं असतं, कारण तारखेपासून तीन महिन्यांच्या आत चेक पुन्हा भरता येतो. नोंद करायचीच राहून गेली असती, तर आता नोंद करून तोच चेक पुन्हा चालला असता. पण इथे बँकेकडे ०००४१७ या क्रमांकावर ७,००,००० ची चुकीची नोंद बसलेली होती आणि आमच्या बँकेत ती बदलता येत नव्हती. तो चेक कितीही वेळा भरला असता तरी तसाच परत आला असता.

म्हणून जुना चेक परत घेतला, त्यावर आडव्या रेघा मारून रद्द केला आणि फाईलला लावला. शाखेत स्टॉप पेमेंटही दिलं, म्हणजे त्या क्रमांकाचा चेक पास करू नका असं कळवलं. चेक आपल्या हातात परत आलेला असताना याची गरज काय, असं अध्यक्षांनी विचारलं. गरज आहे. त्या चेकचा फोटो आतापर्यंत चार मोबाइलमध्ये फिरला होता, आणि नक्कल छापायला सही, खाते क्रमांक आणि चेक क्रमांक एवढंच लागतं.

मग ०००४१८ क्रमांकाचा नवा चेक लिहिला. तो टेबलावर ठेवून, त्यावरूनच अर्ज भरला. तारीख १२, रक्कम ६,८६,०००, नाव 'अँड कंपनी' सकट. खात्यावर दोघांच्या संयुक्त सह्या चालतात, म्हणून अर्जावरही दोघांच्या सह्या घेतल्या. ११ वाजता अर्ज दिला, शिक्का मारलेली प्रत घेतली आणि ठेकेदाराला सांगितलं, 'उद्या भरा, आज नको.' त्याला तेही पटत नव्हतं, पण ऐकलं. शुक्रवारी सकाळी त्याने चेक भरला आणि दुपारी त्याच्या खात्यात पैसे जमा झाले.

त्याच दिवशी शाखेत बसून आणखी एक काम उरकलं. नव्या समितीच्या ठरावाची प्रत देऊन नोंदवलेला मोबाइल नंबर बदलून घेतला. समिती बदलली की सह्या बदलण्याची आठवण सगळ्यांना राहते, नंबराची राहत नाही. दुकान वडिलांकडून मुलाकडे आलं किंवा ट्रस्टचे विश्वस्त बदलले, तरी हीच कथा. तुमच्या संस्थेच्या खात्याला कुणाचा नंबर जोडलेला आहे, हे आज माहीत नसेल तर आधी तेच शोधा.

## नोंद केली, तरीही बँकेचा फोन का येतो

'मी सगळं भरलं होतं, मग पुन्हा कशाला विचारता?' हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला आहे. पॉझिटिव्ह पे येण्याच्या कितीतरी आधी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, चेकवरच्या फसवणुकी वाढल्यामुळे रिझर्व्ह बँकेने बँकांना काही खबरदाऱ्या सुचवल्या होत्या. साधारण २ लाखांवरचे चेक अतिनील दिव्याखाली पाहा, ५ लाखांवरचे चेक एकापेक्षा जास्त पातळ्यांवर तपासा, क्लिअरिंगमध्ये चेक आला की खातेदाराला एसएमएस पाठवा. आणि चेक संशयास्पद किंवा मोठ्या रकमेचा असेल तर फोन करून खात्री करून घ्या. ती रीत आजही आहे. पॉझिटिव्ह पे तिच्या जोडीला आलं.

फोन येण्याची ठरावीक कारणं असतात. सही बँकेतल्या नमुन्याशी पुरती जुळत नाही. वयोमानाने हात थरथरतो, सही बदलते, त्यामुळे ज्येष्ठांना हे फोन जास्त येतात. खात्यावर एरवी पाच-दहा हजारांचे चेक येतात आणि अचानक ८ लाखांचा येतो. चेकबुकाच्या मधलाच एखादा नंबर येतो, त्याच्या मागचे पाच-सहा अजून आलेले नसतात. किंवा नावातला किरकोळ फरक, म्हणजे चेकवर आद्याक्षरं आणि नोंदीत पूर्ण नाव. यातल्या एकाही कारणात तुमच्यावर संशय नसतो. समोरची प्रतिमा तुमच्याच कागदाची आहे ना, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असतं.

आणि जुळलेली नोंद म्हणजे पैसे मिळण्याची हमी नव्हे. शिल्लक, सही, तारखेची मुदत, स्टॉप पेमेंट हे सगळं त्यानंतरही पाहिलं जातंच. ज्या दिवशी चेक भरला जाणार आहे त्या दिवशी सकाळपासून खात्यात पूर्ण रक्कम असू द्या, आणि फोन जवळ ठेवा.

आता एका धोक्याबद्दल. बँक चेकबाबत फोन करते हे भामट्यांनाही माहीत झालं आहे. म्हणून फोनवर काय बोलायचं हे आधीच ठरवून घ्या. खरा बँक कर्मचारी तुमच्या खात्यावर आलेल्या चेकबद्दल विचारतो, कारण तो चेक त्याच्यासमोर असतो. त्याला ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही, कार्डावरचा कोणताही नंबर लागत नाही. तो तुम्हाला कुठली लिंक उघडायला किंवा ॲप उतरवून घ्यायला सांगत नाही. यातलं काही मागितलं, तर बोलणं तिथेच थांबवा.

शंका आली तर सरळ म्हणा, 'मी शाखेत फोन करून सांगतो.' आणि पासबुकावर किंवा चेकवर छापलेल्या शाखेच्या नंबरवर आपण होऊन फोन लावा, किंवा शाखा जवळ असेल तर जाऊन या. खऱ्या कर्मचाऱ्याला याचा राग येत नाही. मला तरी कधी आला नाही. फक्त हे लगेच करा, कारण ७ ची वेळ त्याच्यासाठीही तीच आहे. फोनवरच्या माणसाला माहिती देऊन बसला असाल आणि पैसे गेले असतील, तर बँकेबरोबरच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करायला वेळ घालवू नका.

विचारलेला चेक तुम्ही दिलेलाच नसेल, तर फोनवरच स्पष्ट शब्दांत सांगा: 'हा चेक मी दिलेला नाही, तो परत करा.' मग चेकबुक काढून त्या क्रमांकाचा चेक जागेवर आहे का पाहा. असेल तर तो जपून ठेवा, फाडू नका. समोर आलेला चेक बनावट असल्याचा तोच पुरावा. त्याच दिवशी शाखेत लेखी द्या आणि त्या चेकबुकातले उरलेले सगळे चेक थांबवून नवं चेकबुक मागा, कारण एकाची नक्कल झाली असेल तर पुढच्यांचीही होऊ शकते.

## तुम्ही चेक घेणारे असाल तर

घर किंवा जमीन विकताना, माल विकताना मोठा चेक तुमच्या हातात येतो. पॉझिटिव्ह पेची नोंद तुम्ही करू शकत नाही, ती देणाऱ्यानेच करायची असते. पण विचारू शकता, आणि विचारायलाच हवं: "पॉझिटिव्ह पे केलंय ना? नोंद झाल्याचा मेसेज दाखवता का?" त्यात संकोच बाळगू नका. मेसेजमध्ये चेक क्रमांक आणि रक्कम दिसत असेल तर हातातल्या चेकशी जुळवून पाहा. चूक असेल तर ती तिथेच, दोघं समोरासमोर असताना कळते.

चेक परत आलाच, तर रागावण्याआधी मेमोवरचं कारण वाचा आणि मेमो जपून ठेवा. नोंद नाही किंवा तपशील जुळत नाही असं कारण असेल, तर देणाऱ्याला दाखवून वर सांगितलेल्या दोनपैकी कोणता मार्ग लागू होतो ते ठरवा: नोंद राहिली असेल तर नोंद करून तोच चेक, नोंद चुकली असेल तर नवा चेक. कारण 'पुरेशी शिल्लक नाही' असं असेल तर मात्र गोष्ट निराळी. तिथे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खालची नोटीस मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत पाठवावी लागते, म्हणून मेमो ज्या दिवशी हातात आला ती तारीख त्याच्यावरच लिहून ठेवा.